कारण आणि सबब

गेल्या पावसाळ्यात आम्ही पाच-सहा स्नेही एका मित्राच्या माडीवर जमून 'पेपरमिंट कँडी' हा कोरियन बोलपट पाहत होतो. चित्रपट संपला, दिवे लागले, आणि चहा येण्यापूर्वीच वादाला तोंड फुटले. मंडळींत एक वकील होते. ते म्हणाले, "हे सरळसरळ आरोपीचे वकीलपत्र आहे. दोन तास माणसाची दुष्कृत्ये दाखवावयाची आणि शेवटी त्याचा निष्पाप तरुण चेहरा पुढे करून न्यायासनाकडे दयेची याचना करावयाची! आमच्या धंद्यातली ही जुनी युक्ती आहे." ज्यांचे एकही कीर्तन चुकत नाही असे एक वयोवृद्ध गृहस्थ शेजारी बसले होते. ते शांतपणे म्हणाले, "याचना कसली? केले तसे भरले, एवढाच याचा अर्थ." तिसरा एक तरुण होता, तो थोडा चिडून म्हणाला, "मग हे सरळ क्रमाने सांगितले असते तर काय बिघडले असते? शेवट आधी आणि आरंभ शेवटी, ही नुसती कसरत."

आम्ही त्या रात्री फारसे बोललो नाही. पण विचार करता आम्हांस असे दिसले की, तिघांत खरा प्रश्न त्या तरुणाने विचारला होता. त्याचे उत्तर नीट शोधले तर वकीलसाहेबांचे म्हणणेही टिकत नाही आणि त्या वृद्ध गृहस्थांचेही टिकत नाही. उलट क्रम ही दयेची याचना आहे, हा समज आज पुष्कळ सुशिक्षितांत रूढ आहे. आमचे मत नेमके याच्या उलट आहे: दयेची सोय सरळ क्रमात असते, आणि उलट क्रम ती सोय काढून घेतो.

हा चित्रपट ली चांग-डोंग यांनी 1999 साली काढला. हे गृहस्थ मूळचे कादंबरीकार, आणि तो हात या चित्रपटात जागोजागी जाणवतो. कथा किम योंग-हो नावाच्या एका माणसाची. ती सात प्रकरणांत विभागलेली आहे. पहिले प्रकरण 1999 च्या वसंतातले, दुसरे त्याच्याच तीन दिवस आधीचे, तिसरे 1994 चे, चौथे 1987 चे, पाचवे 1984 चे, सहावे मे 1980 चे आणि सातवे 1979 च्या शरदातले. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. प्रत्येक प्रकरणाच्या आत काळ सरळच चालतो. माणसे पुढे चालतात, बोलणी पुढे जातात. उलटी आहे ती प्रकरणांची मांडणी. दोन प्रकरणांच्या मध्ये मात्र आगगाडीच्या शेवटच्या डब्यातून घेतलेले रुळांचे चित्र उलटे फिरवून दाखविले आहे. गाडी पुढे जाते आहे असे आपल्याला वाटते, आणि तेवढ्यात गळलेल्या पाकळ्या जमिनीवरून उठून झाडावर जातात, रस्त्यावरची वाहने मागे सरकतात. मग आपल्याला कळते की आपण भूतकाळात चाललो आहो.

आता प्रेक्षक या माणसाला कसा भेटतो ते पाहू. नदीकाठी जुन्या कारखान्यातल्या मित्रांचे वनभोजन चालले आहे. तेथे चुरगळलेल्या कपड्यांतला चाळिशीचा एक माणूस येऊन विचित्र गाणे म्हणतो, ओरडतो, पाण्यात शिरतो. शेवटी तो रेल्वेच्या पुलावर चढतो आणि समोरून येणाऱ्या गाडीकडे तोंड करून, 'मला परत जायचे आहे', असा टाहो फोडतो. हा आरंभ! पुढच्या प्रकरणात तो दिवाळखोर झाला आहे. उरल्यासुरल्या पैशांतून त्याने पिस्तूल घेतले आहे, आणि मरण्यापूर्वी कोणाला मारावे याचा तो हिशेब करतो आहे. एवढ्यात एक अनोळखी माणूस त्याला शोधीत येतो. त्या माणसाची पत्नी सुन-इम मरणपंथाला लागली आहे आणि तिला योंग-होला भेटावयाचे आहे. तो पेपरमिंटच्या वड्यांची बरणी घेऊन रुग्णालयात जातो. ती बेशुद्ध आहे. तिच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी येते. बाहेर आल्यावर तिचा पती त्याला एक जुना कॅमेरा देतो, तिने त्याच्यासाठी जपून ठेवलेला. योंग-हो तो कॅमेरा दुकानात नेऊन किरकोळ रकमेला विकून टाकतो, आणि आतली फिल्म उजेडात ओढून काढून रडू लागतो.

प्रेक्षकाने या क्षणी काय समजावे? हा माणूस वेडसर आहे, भावनाशून्य आहे, निदान पैशापुढे त्याला कशाची किंमत नाही, असेच तो समजतो. पुढचे प्रकरण या निकालाला दुजोराच देते. 1994 साली हा पैसेवाला व्यापारी आहे. पत्नी होंग-जा परपुरुषाच्या नादी लागली म्हणून तिला मारतो, आणि स्वतः दुसऱ्या स्त्रीच्या नादी लागलेला आहे. एका उपाहारगृहात त्याला एक ओळखीचा माणूस दिसतो, आणि शौचालयात गाठ पडल्यावर तो त्याला म्हणतो, "जीवन सुंदर आहे, नाही?" समोरचा माणूस निःशब्द होतो. आपण बुचकळ्यात पडतो. इतक्या साध्या वाक्याने एखाद्याची वाचा का बसावी?

उत्तर चौथ्या प्रकरणात मिळते. 1987 साली योंग-हो पोलीस खात्यात आहे आणि तो माणूस, म्योंग-सिक, एक विद्यार्थी आहे. एका फरारी साथीदाराचा पत्ता काढण्यासाठी योंग-हो त्याचा छळ करतो, आणि छळाने मोडल्यावर त्याला विचारतो की, तुझ्या रोजनिशीत जीवन सुंदर आहे असे लिहिलेले आहे, ते तुला खरेच वाटते काय? म्हणजे 1994 साली त्याने उच्चारलेले ते वाक्य त्याचे नव्हतेच; ते त्या मुलाकडून घेतलेले होते. आणि ही निव्वळ कल्पना मानू नये. 1987 च्या जानेवारीत पाक जोंग-चोल नावाचा खराखुरा विद्यार्थी सेऊलमध्ये पोलिसांनी केलेल्या पाण्याच्या छळात मरण पावला, आणि त्या वर्षीच्या जूनमधील मोठ्या जनआंदोलनाला जी कारणे झाली त्यांत तो मृत्यू होता.

येथे थांबून विचार करावा. म्योंग-सिकचा छळ आपण पाहतो तेव्हा योंग-होच्या बाजूने आपल्याला काहीएक ठाऊक नसते. त्याच्यावर कोणता आघात झाला, तो पूर्वी कसा होता, याविषयी एक शब्दही आपल्या कानावर आलेला नाही. म्हणून त्या खोलीत आपली दृष्टी ज्याच्यावर खिळली पाहिजे त्याच्यावरच खिळते, म्हणजे त्या मुलावर. छळ हा छळ म्हणूनच दिसतो.

आता तीच प्रकरणे सरळ लावून पाहा. 1979 चा शरद. नदीकाठचे तेच वनभोजन, तोच पूल. वीस वर्षांचा लाजाळू योंग-हो म्हणतो की, त्याला कॅमेरा घेऊन निनावी रानफुलांची छायाचित्रे काढावयाची आहेत. सुन-इम मिठाईच्या कारखान्यात वड्यांना कागद गुंडाळण्याचे काम करते. ती त्याला पेपरमिंटची एक वडी देते. पुढे मे 1980. तो सक्तीच्या लष्करसेवेत आहे. सुन-इम प्रत्येक पत्रातून एकेक वडी पाठवीत आली आहे, ती त्याने साठवून ठेवली आहे. एके रात्री छावणी उठविली जाते, गडबडीत त्या वड्या जमिनीवर सांडतात आणि बुटांखाली चिरडल्या जातात. भेटीस आलेल्या सुन-इमला परत पाठविले गेले आहे. तो तिला दुरून ट्रकमधून पाहतो. पलटण ग्वांगजू शहरात नेली जाते, जेथे लष्करी सत्तेविरुद्ध लोक उठले होते आणि जेथे 18 ते 27 मे या दहा दिवसांत सैन्याने नागरिकांचे शिरकाण केले. रेल्वेच्या आवारात अंधारात योंग-होच्या पायाला गोळी लागते. तेथेच त्याला एक शाळकरी मुलगी आढळते, घराकडे निघालेली, भेदरलेली. तिने निघून जावे अशीच त्याची इच्छा असते. पण त्याच्याच बंदुकीची गोळी तिला लागते आणि ती मरते. तो तिला छातीशी धरून हंबरडा फोडतो.

एवढे पाहिलेल्या प्रेक्षकाला आता म्योंग-सिकच्या खोलीत नेऊन बसवा. त्याच्या मनात काय चालेल? 'बिचारा योंग-हो! ग्वांगजूने याचे काय करून टाकले!' मार खाणारा मुलगा समोर असेल, पण अश्रू मारणाऱ्यासाठी वाहतील. 1994 मध्ये होंग-जाला मारले, तरी तेच. कॅमेरा विकला, तरी तेच. प्रत्येक दुष्कृत्याच्या खिशात त्याचे प्रशस्तिपत्र आधीच घातलेले असेल. हीच आमच्या वकीलमित्रांनी ज्याचा उपहास केला ती दयेची याचना, आणि ती सरळ क्रम करतो. कारण आधी सांगितले की त्याची सबब होते. परिणाम पाहून झाल्यावर सांगितले तर ते कारणच राहते. त्याने गोष्ट समजते, पण झालेले कृत्य त्याने पुसले जात नाही, कारण त्याचा निकाल आपण त्याच्याशिवायच देऊन बसलेले असतो.

आम्ही असे म्हणत नाही की तो निकाल जसाच्या तसा राहतो. पाचवे प्रकरण त्याला हादरा देते. 1984 मध्ये योंग-हो खात्यात नवखा आहे. त्याने पहिल्यांदाच एका कामगार कार्यकर्त्याच्या छळात भाग घेतला आहे, आणि त्या माणसाच्या विष्ठेने त्याचा हात बरबटला आहे. त्याच दिवसांत सुन-इम त्याला भेटावयास येते. तिने पैसे साठवून त्याच्यासाठी कॅमेरा आणला आहे. त्याच्या हातांकडे पाहून ती म्हणते की, तुझे हात पाहिले की तू चांगला आहेस असे वाटते. त्यावर तो काय करतो? उपाहारगृहात वाढणारी होंग-जा जवळून जाते, तेव्हा त्याच हाताने तो सुन-इमच्या देखत तिच्या अंगाशी लगट करतो. ती निघते तेव्हा गाडी हलत असताना तो कॅमेराही तिला परत देऊन टाकतो.

सरळ क्रमात कॅमेऱ्याची गोष्ट अशी होईल: इच्छा, भेट, परतावा, विक्री. एक उतरंड, शेवटची पायरी येईपर्यंत आपण तिला तयार असतो. उलट क्रमात विक्री प्रथम येते, आणि आपण ती थंडपणे पाहिलेली असते. तो कॅमेरा कोणी दिला होता, आणि त्याच्याही मागे कोणती इच्छा होती, हे नंतर कळते तेव्हा आपल्याला मनातल्या मनात त्या दुकानात परत जावे लागते. योंग-होची कीव येते हे खरे. पण त्याहून अधिक आपल्या स्वतःच्या घाईची लाज वाटते. दोषाचा एक लहानसा वाटा प्रेक्षकाच्या पदरात पडतो. सरळ क्रमाला हे साधत नाही, कारण तेथे प्रेक्षकाला घाई करण्याची संधीच नसते.

हे सगळे आमच्या कल्पनेचे खेळ आहेत, क्रम बदलून कोणी पाहिले आहे काय, असे कोणी विचारील. पाहिले आहे, आणि तेही खुद्द दिग्दर्शकाने. गास्पार नोए यांचा 'इर्रेव्हर्सिब्ल' हा फ्रेंच चित्रपट 2002 मध्ये कान महोत्सवात दाखविला गेला. तो उलट क्रमाचा आहे. 2019 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याच दिग्दर्शकाने त्याच चित्रीकरणाची सरळ क्रमाची आवृत्ती सादर केली. ती काही मिनिटांनी आखूड आहे, म्हणून प्रयोग अगदी काटेकोर म्हणता येणार नाही; तरी माणसे तीच, घटना त्याच. हा चित्रपट पाहावा असे आम्ही कोणासही सुचविणार नाही. त्यातील अत्याचाराचे आणि हत्येचे दृश्य सहन होण्याजोगे नाही. पण आमच्या मुद्द्यासाठी त्याची रचना फार बोलकी आहे.

मूळ आवृत्तीत आपल्याला प्रथम एक हत्या दिसते. दोन माणसे कोणाला तरी शोधीत एका अंधाऱ्या जागी शिरतात, आणि त्यांतला एक, पियेर, समोरच्या माणसाचा अत्यंत क्रूरपणे जीव घेतो. का, ते माहीत नाही. पुढे कळते की, त्याच रात्री अलेक्स नावाच्या स्त्रीवर अत्याचार झाला होता आणि हे दोघे, तिचा प्रियकर मार्कुस आणि त्यांचा हा स्नेही, सूड घ्यावयास निघाले होते. आणखी मागे गेल्यावर अत्याचार करणाऱ्याचा चेहरा दिसतो, आणि मग लक्षात येते की मारला गेलेला माणूस तो नव्हताच; खरा गुन्हेगार त्या वेळी शेजारी उभा राहून मजा पाहत होता. शिवाय पियेर हा तर त्या दोघांतला सौम्य. रात्रभर मार्कुसला आवरीत आलेला तोच. उलट क्रमात हत्या ही निव्वळ हत्या म्हणून पाहावी लागते. सरळ क्रमात ती दिसण्याच्या वेळी प्रेक्षक अत्याचार पाहून पेटलेला असतो. हात चालतो पियेरचा, पण मनातून तो उगारलेला असतो आपलाही. चुकीचा माणूस मेला हे तेथेही दिसते, पण तोवर सूडाची चव जिभेवर आलेली असते.

याहून एक महत्त्वाची गोष्ट या दोन आवृत्तींच्या तुलनेत आम्हांस दिसते. अलेक्स त्या रात्री मेजवानीतून एकटी निघाली होती. मार्कुस नशेत भलते वागत होता, म्हणून ती वैतागून बाहेर पडली. सरळ क्रमात हे आधी येते, अत्याचार नंतर. आणि प्रेक्षकाचे मन आपोआप साखळी जोडते: तो असा वागला, म्हणून ती एकटी गेली, म्हणून असे झाले. ही जी 'म्हणून'ची साखळी, तिच्यात गुन्हेगाराचे नाव कोठे आहे? आपल्या गावांतही अशा प्रसंगी पहिला प्रश्न हाच निघतो की, ती एकटी का गेली होती. उलट क्रमात अत्याचार हा अत्याचार करणाऱ्याचे कृत्य म्हणून पूर्णपणे समोर उभा राहून जातो, आणि ती एकटी का होती हे त्यानंतर कळते. कळते तेव्हा हळहळ वाटते. दोष मात्र तिच्याकडे सरकत नाही. घटना तीच असून केवळ क्रमाने दोषाची जागा कशी बदलते, याचा याहून स्पष्ट दाखला आम्हांस माहीत नाही.

आता आमच्या कीर्तनप्रिय वडीलधाऱ्यांकडे वळतो. 'केले तसे भरले' हे त्यांचे सूत्र. त्यांना आम्ही आदरपूर्वक आठवण देऊ की, फळ आधी आणि कर्म मागाहून ही रीत आपल्याला नवी नाही. समोर कोणी दुःख भोगतो आहे, तो ऋषीला विचारतो की हे कशाने, आणि ऋषी मागची कथा सांगू लागतो. पुराणांत अशा कथा पानोपानी आहेत. महाभारतसुद्धा सर्व काही होऊन गेल्यावर जनमेजयाच्या सत्रात, पूर्वजांत वैर कसे झाले या त्याच्या प्रश्नावरून सांगितले जाते. पण आदिपर्वातील अणीमांडव्याची कथा या संदर्भात विशेष विचार करण्यासारखी आहे. चोरांनी त्यांच्या आश्रमात लूट लपविली. मौनव्रती ऋषी काही बोलले नाहीत. राजाने त्यांना चोरांबरोबर सुळावर चढविले. पुढे त्यांनी धर्माला विचारले, माझे असे कोणते कर्म होते? धर्माने सांगितले की, बालपणी तू कीटकांना गवताची काडी टोचली होतीस, त्याचे हे फळ. म्हणजे कारण सापडले, अगदी मुळाशी जाऊन सापडले! पण मांडव्य 'केले तसे भरले' म्हणून मान खाली घालीत नाहीत. ते म्हणतात, एवढ्याशा अपराधाला एवढी शिक्षा हा न्याय नव्हे. चौदाव्या वर्षापर्यंत केलेल्या कृत्याचे पाप लागणार नाही, अशी मर्यादा मी घालून देतो. आणि ते धर्मालाच मनुष्ययोनीत जाण्याचा शाप देतात. तोच विदुर झाला.

कारण सापडले म्हणजे दोष मोजून झाला असे नव्हे, हे मांडव्यांना ठाऊक होते. योंग-होच्या बाबतीत 'केले तसे भरले' म्हणणाऱ्याने हेही सांगावयास हवे की त्याने नेमके काय केले आणि त्याचे माप किती. रेल्वेच्या आवारातली ती गोळी? ती तर त्याला मारावयाचीच नव्हती. मग 1984 चा छळ? तो त्याने जाणून केला. दोन्हींना एकाच तराजूत घालून वर 'कर्म' असे लेबल चिकटविणे सोपे आहे, परंतु त्याने काहीच उलगडत नाही.

आणि येथेच आम्हांला या चित्रपटावरही एक आक्षेप घ्यावयाचा आहे, कारण आम्ही त्याचे भाट नव्हे. उलट क्रमाचा एक मोठा धोका असा की, सर्वांत शेवटी दाखविलेली गोष्ट मूळ कारण म्हणून मनात ठसते. प्रेक्षक मागे-मागे जात असतो. जेथे चित्रपट थांबतो तेथे त्याला तळ लागल्यासारखा वाटतो. ग्वांगजूच्या मागे फक्त 1979 चे निरागस वनभोजन आहे. म्हणून ग्वांगजू हाच सगळ्याचा उगम, असे आपण धरून चालतो. पण 1980 आणि 1984 यांच्यामध्ये चार वर्षे आहेत आणि त्यांविषयी चित्रपट एक अक्षर सांगत नाही. ज्याच्या हातून एक मुलगी मेली तो सैन्यातून सुटल्यावर पुन्हा बळाच्याच नोकरीत, पोलिसांत, का शिरला? त्याच पलटणीतले इतर जवानही घरी गेले असतील. ते सगळेच काही लोकांचा छळ करणारे झाले नसतील. सरळ क्रमात ही चार वर्षे डोळ्यांना खुपली असती आणि आपण विचारले असते, 'मध्ये काय झाले?' उलट क्रमात ती गुपचूप निसटतात, कारण आपण 'पुढे काय' असे विचारीतच नसतो. आपण 'का' विचारीत असतो, आणि मागचे प्रकरण आले की उत्तर मिळाले असे समजतो.

म्हणून असा चित्रपट पाहून आल्यावर एक काम करावे असे आम्ही सुचवितो. प्रकरणे मनात सरळ लावावी आणि प्रत्येक सांध्यावर विचारावे की येथे 'म्हणून' बसते की नुसते 'नंतर'. 1984 चा हात बरबटला, म्हणून सुन-इमला दुखवून दूर केले, येथे 'म्हणून' बसते. चित्रपटाने ते डोळ्यांपुढे घडविले आहे. सुन-इमचा विवाह दुसऱ्याशी झाला, येथे 'नंतर' बसते. ग्वांगजूत गोळी सुटली, म्हणून सात वर्षांनी म्योंग-सिकचा छळ केला, येथे आम्हांस 'म्हणून' लिहिता येत नाही. पायाची ती जखम मात्र दिग्दर्शकाने प्रामाणिकपणे वापरली आहे. पुढच्या आयुष्यात काही प्रसंगी योंग-हो एकाएकी लंगडू लागतो; आपण ते आधी पाहतो आणि त्याचा उलगडा सहाव्या प्रकरणात होतो. लंगडणे हा परिणाम आहे, दुष्कृत्य ही निवड आहे. आणि हा भेद उलट क्रमातही पुसला जाऊ नये एवढी काळजी घेतलेली दिसते.

वकीलसाहेबांना आणखी एक गोष्ट विचारावयाची राहिली. हे जर वकीलपत्र असेल तर दुसरा आरोपी कोण? ग्वांगजूच्या त्या दिवसांत सत्ता ज्या सेनाधिकाऱ्यांच्या हाती होती त्यांत प्रमुख चुन दू-ह्वान. ते पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. 1996 च्या ऑगस्टमध्ये बंडाळी आणि राजद्रोह यांसाठी न्यायालयाने त्यांना देहान्ताची शिक्षा सांगितली. अपिलात ती जन्मठेपेवर आली. 1997 च्या डिसेंबरात त्यांना क्षमा मिळून ते सुटले, आणि 2021 मध्ये घरी वारले. म्हणजे चित्रपट पडद्यावर आला तेव्हा सुटकेला दोन वर्षे झाली होती, आणि कोरियन प्रेक्षकाला ते कोणी सांगावयास नको होते. पहिल्या प्रकरणात पुलावर उभा असलेला माणूस एक साधा शिपाई. आज्ञा देणाऱ्याला क्षमा, आणि शिपाई गाडीपुढे. ही तक्रार चित्रपट तोंडाने कोठेही करीत नाही; त्याने फक्त 1999 आधी ठेवले आणि 1980 नंतर. सरळ क्रमात हे एका दुर्दैवी माणसाचे चरित्र झाले असते, जे 1999 च्या वैयक्तिक दिवाळखोरीवर संपते. उलट क्रमात शोधाचा शेवट त्या रेल्वेच्या आवारात होतो, आणि तेथे एकटा योंग-हो नाही.

तेथे ती मुलगीही आहे. तिला नाव नाही. योंग-होच्या वीस वर्षांचा धागा आपण सात प्रकरणांतून उलगडतो; सुन-इम आणि होंग-जा या दोन स्त्रियांची आयुष्ये त्याच्या जिन्याच्या पायऱ्यांसारखी वापरली जातात, तरी निदान त्यांना चेहरा आणि दुःख आहे. या मुलीच्या घरी त्या रात्री कोण वाट पाहत होते, आणि 1999 च्या वसंतात त्या घरी कोणते प्रकरण चालले होते, हे कोणत्याही क्रमाने या चित्रपटात सापडत नाही. आमच्या त्या तरुण मित्राने पुढच्या वेळी विचारावयाचा प्रश्न असेल तर तो हा आहे.